उजवीकडचा सर्वांत उंच खांब माहीत नसताना पाणी कसं मोजायचं?

खांबांच्या उंचीची यादी दिली आहे, त्यांच्यामध्ये पावसाचं किती पाणी साचेल ते काढायचं आहे. दोन पॉइंटर दोन टोकांपासून आत सरकतात आणि आपापल्या बाजूचं आतापर्यंतचं कमाल लक्षात ठेवतात. त्यावर एक शंका:

> "डावीकडून सरकताना उजवीकडचं खरं कमाल अजून कळलेलंच नसतं. मग हिशेब बरोबर कसा येतो?"

ते कळायची गरजच नसते. `[4,2,0,3,2,5]` घ्या. सुरुवातीला डावं कमाल 4, उजवं 5. मधे 50 चा खांब निघाला तरी त्याच्या डावीकडचं पाणी 4 वरूनच सांडणार. म्हणून ज्या बाजूचं कमाल लहान, तोच पॉइंटर सरकवायचा. इथे फक्त डावा सरकतो आणि प्रत्येक जागी कमालातून खांबाची उंची वजा होते: 2+4+1+2, म्हणजे 9. उजवा जागचा हलतही नाही!

मी एकदा आधी वजाबाकी करून मग कमाल बदललं होतं. शेवटच्या 5 वर पोचल्यावर 4−5 झालं आणि उत्तर 8 आलं. आधी कमाल बदला, मग वजा करा. या पद्धतीत प्रत्येक जागेचं डावं-उजवं कमाल साठवणाऱ्या दोन अ‍ॅरेंची O(n) जागा वाचते, वेळ मात्र तेवढाच लागतो.