मदत हवी आहे: घड्याळातली गाणी घरात नीट वाजतात, मैदानात तुटतात

पहाटवारा: नमस्कार मंडळी. फोन घरी ठेवून पळता यावं म्हणून घड्याळात 40 गाणी आणि एका पॉडकास्टचे तीन भाग घेतलेत. इअरबड्स जोडतानाच अर्धा तास गेला, कारण केस उघडली की ते आधी फोनलाच जोडले जायचे. शेवटी फोनचं ब्लूटूथ बंद केलं आणि दिवा लुकलुकेपर्यंत केसचं बटण दाबून धरलं, तेव्हा कुठे घड्याळात त्यांचं नाव दिसलं. घरात आवाज झकास येतो. मैदानात मात्र दर दोन-तीन पावलांना तुटतो. थांबून मनगट छातीशी आणलं की लगेच सुरळीत. घड्याळ डाव्या हातात बांधतो. शिवाय पॉडकास्टचा तिसरा भाग यादीत दिसतच नाही.

निळीवाट: फाइल अर्धवट उतरल्या असतील. सगळं पुसून घड्याळ चार्जरला लाव आणि वायफायवर पुन्हा डाउनलोड कर. बरीच घड्याळं चार्जिंगला असतानाच मोठ्या फाइल उतरवतात.

रेडिओदादा: तिसऱ्या भागासाठी हा उपाय करून बघाच. पण आवाज तुटण्याचं कारण ते नाही. फाइल खराब असती तर गाणं दर वेळी त्याच जागी अडकलं असतं, हात हलवून फरक पडला नसता.

आपलं शरीर ब्लूटूथच्या लहरी शोषून घेतं. घरात त्या भिंतींवर आपटून कानापर्यंत पोचतात, मोकळ्यावर आपटायला काही नसतं. त्यात बऱ्याच इअरबड्समध्ये एकच बड घड्याळाशी जोडलेला असतो आणि दुसऱ्याला आवाज त्याच्याकडून मिळतो. तुमचा मुख्य बड उजवा असेल, तर डाव्या मनगटापासून त्याच्यापर्यंत मध्ये तुम्हीच उभे आहात! उद्या बाकी काही न बदलता घड्याळ फक्त उजव्या हातात बांधून त्याच वाटेने पळा.

लाटा_२१: माझंही अगदी हेच होतं. पोहताना डोकं पाण्याखाली गेलं की गाणं बंद. मीही हात बदलू का?

रेडिओदादा: नाही हो, पाण्यात हात बदलून भागणार नाही. ब्लूटूथ पाण्यातून जेमतेम काही सेंटिमीटर जातं. पोहायला ज्यात गाणी आतच साठवता येतात असा हेडफोन घ्या.

पहाटवारा: आज उजव्या हातात बांधून 5 किलोमीटर पळालो. एकदाच तुटलं, तेही बाटली उचलायला वाकलो तेव्हा. दादा, मनापासून आभार! पण घड्याळ रात्रभर चार्जरला लावूनही तिसरा भाग आलेला नाही. आधीचे दोन अर्ध्या तासाचे आहेत, हा पावणेदोन तासांचा. लांबीमुळे अडत असेल का?

निळीवाट: घड्याळात जागा किती उरलीय ते बघून सांग.