मदत हवी आहे: एकच चूक तीन ठिकाणी दिसते, रिव्ह्यूत मांडायची कुठे?

गंगापूररोडची_मास्तरीण: नाशिकमध्ये कॉलेजात बॉटनी शिकवते. पहिल्यांदाच एका जर्नलने पेपर रिव्ह्यूला पाठवलाय. गोपनीय असतो, म्हणून पीक आणि आकडे बदलून सांगते. समजा, द्राक्षावरची एक फवारणी. पद्धतीत ‘फवारलेल्या ६०, न फवारलेल्या ६० वेली’ एवढंच आहे. तक्ता २ मध्ये टी-टेस्ट, df ११८. शेवटी ‘राज्यभर उत्पादन वाढेल’. पण आराखड्याच्या चित्रात दोन्हीकडे तीन-तीनच प्लॉट दिसतात! हे पद्धतीत लिहू, निकालात की दाव्यात? समासात २२ शेरे झालेत आणि निम्मे हेच रडगाणं.

पिंपळगावकर: ताई, आमची थॉमसन आहे. गोडी छाटणीनंतर कितव्या दिवशी मारायचं हे?

गंगापूररोडची_मास्तरीण: दादा, औषध काल्पनिक आहे हो.

रेफरी_क्र_२: सोपंय. पद्धत, निकाल, दावे असे तीन मथळे करा, जिथलं तिथे टाका. आणि पुढच्या हंगामात प्रयोग परत करायला सांगा.

निवृत्त_सर: मथळे चालतील, पण चूक एकदाच लिहा, जिथे उगम पावते तिथे, आणि मग तिचा माग दाव्यापर्यंत न्या. फवारणी प्लॉटला झाली असेल तर एका प्लॉटमधल्या वीस वेली म्हणजे वीस वेगळे पुरावे नव्हेत. माती, पाणी सगळं एकच. १२० वजा २ म्हणजे ११८, अर्थात त्यांनी वेली मोजल्या. प्लॉटच्या सरासऱ्या घेतल्या तर सहाच आकडे उरतात, df ४. हर्लबर्टने १९८४ साली यालाच स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं. मी असं लिहीन:

> १. (पद्धत, तक्ता २, सारांश) फवारणी प्लॉटनिहाय होती की वेलनिहाय, आणि प्लॉट किती, हे स्पष्ट करावे. प्लॉटनिहाय असल्यास तक्ता २ चे विश्लेषण प्लॉटच्या सरासरीवर पुन्हा करावे. फरक टिकला नाही, तर सारांशातील ‘उत्पादन वाढते’ हे विधान काढावे.

शंका प्रश्न म्हणूनच विचारा, चित्र आपण चुकीचं वाचलेलं असू शकतं. ‘राज्यभर’ मात्र वेगळा मुद्दा. गणित दुरुस्त झालं तरी एका बागेतला एक हंगाम राज्यभर पसरत नाही. नवीन प्रयोगाची गरज दोन्हीकडे एकेकच प्लॉट असता तर होती. तिथे कुठलंही गणित वाचवत नाही.

रेफरी_क्र_२: मान्य. पण df ४ वर काय टिकणार? सरळ रिजेक्ट लिहा.

निवृत्त_सर: ते लेखकांच्या रकान्यात नको. संपादकांच्या गोपनीय रकान्यात लिहा. आणि फरक मोठा असेल तर चारवरही टिकतो.

गंगापूररोडची_मास्तरीण: २२ पैकी नऊ शेरे या एकाच मुद्द्यात गेले. उरलेल्यात बरेचसे स्पेलिंगचे आहेत, तेही पाठवायचे का?

रेफरी_क्र_२: मी पाठवतो.

निवृत्त_सर: मी नाही.