विषय: बंद केलेल्या कार्डावर गेलेला रिफंड

मधुरा:

नमस्कार मंडळी,

सध्या पुण्यात आईकडे, कोथरूडला आहे. जूनमध्ये आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं म्हणून कर्वे रोडजवळचा एक हॉल फेब्रुवारीत परदेशातूनच ऑनलाइन बुक केला होता. ४२,५०० रुपये, माझ्या भारतातल्या क्रेडिट कार्डावर. मग आईच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि कार्यक्रम राहिला. हॉलवाल्यांनी कुरकुर न करता पैसे परत द्यायचं कबूल केलं, हे मात्र खरं.

घोळ माझाच आहे. एप्रिलमध्ये बचत खातं अनिवासी भारतीयांचं, म्हणजे एनआरओ करून घेताना ते कार्ड मी बंद करून टाकलं. हॉलचे मॅनेजर म्हणतात, "ताई, आमच्याकडून २ जूनलाच गेले," आणि स्क्रीनवर `Refund processed` दाखवतात. बँकेच्या हेल्पलाइनला कार्डाचा नंबर सांगितला तर "असं कार्डच दिसत नाही." आज १८ तारीख. मी नक्की कुणाच्या मागे लागू? ४ जुलैला परत निघायचं आहे.

संजय:

मधुरा, एवढं काय त्यात? कार्ड बंद असलं की पैसे आपोआप हॉलवाल्याकडे परत फिरतात. त्यालाच सांग, आईच्या खात्यात एनईएफटी कर म्हणावं. पाच मिनिटांचं काम. ऐकलं नाही तर जरा पुणेरी आवाजात सांग.

वैशाली:

माझंही अगदी हेच झालं होतं गं! इन्कम टॅक्सचा रिफंड बाउन्स झाला, कारण जुनं खातं बंद. पोर्टलवर आधी नवीन खातं व्हॅलिडेट केलं, मग Services मध्ये जाऊन `Refund Reissue` ची विनंती टाकली. पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव जुळायला हवं, नाहीतर व्हॅलिडेशनच होत नाही. तूही तसंच कर.

श्रीपादकाका:

वैशाली, तुझी माहिती बरोबर, पण ते सरकारी पोर्टलचं झालं. इथे तसं बटण नाही.

मी एका बँकेत कार्ड सेटलमेंटला बरीच वर्षं काढली. सध्या वारज्यात निवृत्त आहे, त्यामुळे सविस्तर लिहायला वेळच वेळ.

संजय, पैसे परत फिरतात हे कधीकधी खरं असतं. कार्ड हरवून नवा नंबर मिळाला असेल तर जुन्या नंबरावरचा रिफंड बहुधा नव्यावर जमा होतो. कार्ड कायमचं बंद असेल तर काही वेळा बँक रक्कम नाकारते आणि ती पेमेंट गेटवेमार्फत, म्हणजे हॉलसाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत, हॉलवाल्याकडे परत येते. पण पुष्कळदा बँक ती घेते आणि बंद कार्डखात्यात जमा बाकी म्हणून ठेवते. हेल्पलाइनवरच्या मुलाला फक्त चालू कार्डं दिसतात, म्हणून तो "नाही" म्हणतो. अशा वेळी हॉलवाल्याने एनईएफटी केली तर त्याचे पैसे दोनदा जातील. म्हणून शहाणा दुकानदार आधीचा रिफंड परत आल्याशिवाय दुसरा देत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

तेव्हा मॅनेजरकडून आधी एआरएन माग, म्हणजे कार्डाचा व्यवहार बँकांना ज्यावरून शोधता येतो तो नंबर. स्क्रीनवरचा रिफंड आयडी त्यांच्या गेटवेपुरता असतो, बँकेला त्याचा उपयोग नाही. एआरएन २३ आकडी असतो. मिळाला की त्यातले आठवा ते अकरावा असे चार आकडे मला कळव.

मधुरा:

काका, मॅनेजरना "एआरएन" माहीतच नव्हतं. गेटवेच्या सपोर्टला मेल टाकून दोन दिवसांनी मिळाला. ते चार आकडे: ५१६३.

श्रीपादकाका:

५ म्हणजे २०२५, आणि १६३ म्हणजे वर्षाचा एकशे त्रेसष्टावा दिवस. मोजून बघ, १२ जून येतो. म्हणजे मॅनेजरने बटण २ तारखेला दाबलं, पण रक्कम पुढे गेली १२ ला. गेटवेकडे दुकानदाराची शिल्लक कमी असली की रिफंड तिथेच थांबून राहतो. लग्नसराई संपल्यावर हॉलवाल्याकडे येणी कमी, हे समजण्यासारखं आहे. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला तेवढंच दिसत होतं.

आता हेल्पलाइन सोड. बँकेच्या तक्रार विभागाला लेखी मेल कर. बंद कार्डाचे शेवटचे चार आकडे, एआरएन, रक्कम, १२ जून ही तारीख आणि एकच प्रश्न: ही रक्कम तुमच्याकडे जमा झाली की नाकारली गेली? नाकारली असेल तर तसं लेखी द्या. ते पत्र दाखवलं की हॉलवाला दुसऱ्या मार्गाने पैसे देईल. जमा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बंद कार्डातली जमा बाकी कार्डधारकाच्या बँक खात्यात पाठवावी लागते, आणि खात्याचा तपशील नसेल तर तो बँकेनेच मागायचा आहे.

मधुरा:

काका, सापडले! १४ जूनपासून तिथेच पडून आहेत. त्यांनी रद्द केलेला चेक मागितला, मी एनआरओ खात्याचा पाठवला. आज उत्तर आलं: "नाव जुळत नाही." कार्ड लग्नाआधीचं, त्यावर माहेरचं नाव. एनआरओ खातं पासपोर्टप्रमाणे सासरच्या नावाने. आता आईच्या खात्याचा चेक देऊ का? आईचं आणि माझं माहेरचं आडनाव एकच आहे.

संजय:

मी तर पहिल्यापासून आईचंच खातं म्हणत होतो. 😀

श्रीपादकाका:

नको. आडनाव जुळलं तरी माणूस वेगळा. कार्डाची बाकी तिसऱ्याच्या खात्यात गेली तर उद्या ऑडिटवाला त्या कारकुनाला धरतो, म्हणून तो देणारच नाही आणि आठवडा फुकट जाईल.

कार्ड आणि खातं दोन्हीला पॅन एकच आहे ना? मग लग्नाच्या नोंदणीचा दाखला, पॅन आणि दोन ओळींचा अर्ज घेऊन शाखेतच जा: अमुक नाव आणि तमुक नाव ही मीच, दोन्ही खाती एकाच पॅनवर. मूळ कागद तिथेच पडताळून घे आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसकट शिक्का माग. अर्जातला आयएफएससी पुन्हा वाच. पाचवी जागा शून्याची असते, आपल्यातले निम्मे लोक तिथे इंग्रजी ओ लिहितात.

मधुरा:

शिक्का मिळाला, पण काउंटरवर तो शोधायलाच वीस मिनिटं गेली. आणि हो, ओ लिहिला होता! पासबुकातून उतरवताना. तिथल्या बाईंनी पेनने खोडून शून्य केलं आणि शेजारी माझी सही घेतली.

आज २ जुलै, सकाळी एसएमएस आला. ४२,५०० जमा. बुकिंगच्या वेळी कापलेली ऑनलाइन फी वेगळी होती, ती काही आली नाही. मॅनेजर म्हणतात ती गेटवेची, गेटवे म्हणतं ती हॉलची.

वैशाली:

अगं, मग फीसाठी रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे तक्रार घेऊन जा ना!

श्रीपादकाका:

तिथे जायला आधी बँकेविरुद्ध तक्रार हवी, आणि तिने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही तर cms.rbi.org.in वर जायचं. इथे बँकेने पैसे दिले. हॉलवाला काही बँक नाही, त्याच्यासाठी ती जागा नाही. फी परत द्यायची की नाही हे बुकिंगच्या अटींत लिहिलेलं असतं. मधुरा, त्या अटी असतील तर पाठव, बघतो. आईंचा पाय कसा आहे?