मदत हवी आहे: दुसऱ्या आर्चचा फिस्टुला दोन कॅरोटिडच्या मधूनच का जातो?

नमस्कार मंडळी, मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. फॅरिंजियल आर्चचा तक्ता पाठ आहे, पण एका ठिकाणी अडकले आहे.

ओपीडीत एक लहान मुलगा पाहिला. मानेच्या उजव्या बाजूला, स्टर्नोमास्टॉइडच्या पुढच्या कडेला, खालच्या भागात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतं आणि त्यातून चिकट पाणी झिरपत होतं. सरांनी सांगितलं, हा दुसऱ्या क्लेफ्टचा फिस्टुला. आतलं तोंड टॉन्सिलच्या खोबणीत, म्हणजे दुसरा पाऊच जिथे होता तिथे.

मी मार्ग असा जुळवला: नळी दुसऱ्या आर्चच्या मागे आणि तिसऱ्याच्या पुढे असणार. म्हणून डायगॅस्ट्रिकचं मागचं पोट आणि स्टायलोहायॉइड (दोन्ही दुसऱ्या आर्चचे) तिच्यावर येतात. इंटर्नल कॅरोटिडचा सुरुवातीचा भाग, ग्लॉसोफॅरिंजियल नर्व्ह आणि स्टायलोफॅरिंजिअस (तिन्ही तिसऱ्या आर्चचे) तिच्या खोल बाजूला राहतात. इथवर सगळं छान बसतं, आणि असं बसलं की खूप आनंद होतो!

पण हायपोग्लॉसल नर्व्हचं काय? ती आर्चची नर्व्हच नाही. ऑक्सिपिटल सोमाइट्सपासून आलेल्या जिभेच्या स्नायूंची आहे. तरी नळी तिच्यावरूनच जाते. मग हे कोणत्या नियमाने लक्षात ठेवायचं? जिभेचे स्नायू पुढे सरकताना ती नर्व्ह सर्व्हायकल सायनसच्या खालून ओढली जाते, असं समजणं बरोबर आहे का?

कुणी ईएनटी किंवा ॲनाटॉमीवाले असतील तर कृपया नीट समजावून सांगा. हाताने काढलेली आकृती मिळाली तर फारच उत्तम.