सल्ला हवा: पॅन करताना उन्हाची तिरीप लेन्सवर आली, शॉट पांढुरका झाला

कोळीवाडा_डायरी: हर्णै बंदरावरच्या संध्याकाळच्या मासळी लिलावाचा अकरा सेकंदांचा शॉट आहे. टोपली घेतलेल्या मावशींबरोबर कॅमेरा समुद्राकडे वळतो. चौथ्या सेकंदाला चित्र पांढुरकं व्हायला लागतं, सहाव्याला सूर्य डाव्या वरच्या कोपऱ्यात शिरतो आणि एक हिरवा ठिपका मावशींच्या पदरावरून सरकतो. S-Log3, १० बिट. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरतो. पुन्हा शूट करणं शक्य नाही, मावशी आता लिलावाला येत नाहीत. काय करता येईल?

साताऱ्याचा_संकलक: सूर्याभोवती गोल मास्क घ्या, गेन खाली आणा, कॉन्ट्रास्ट वाढवा. मी लग्नाच्या व्हिडिओत नेहमी हेच करतो.

चौकट_सुधा: मास्क बरोबर आहे दादा, पण गेन नको. लेन्सच्या आत विखुरलेला प्रकाश चित्रात मिसळलेला असतो, म्हणजे ती बेरीज आहे. बेरीज वजाबाकीनेच निघते. गेन हा गुणाकार, त्याने उजेड दबतो पण सावल्यांतला पांढुरकेपणा तसाच राहतो. त्यावर कॉन्ट्रास्ट चढवला की चेहरे करपल्यासारखे दिसतात.

डायरी, मी असं करते. आधी Color Space Transform ने क्लिप Linear मध्ये न्या, वजाबाकी पुढच्या नोडमध्ये ऑफसेटने करा आणि शेवटच्या नोडवर Rec.709 ला या. लॉगवरच ऑफसेट ओढलात तर सूर्यही राखाडी पडतो. लिनिअरमध्ये सूर्याचा आकडा इतका मोठा असतो की एवढ्याशा वजाबाकीने त्याला काही होत नाही.

किती वजा करायचं हे शॉटच सांगतो. तिसऱ्या सेकंदाची स्टिल घ्या, तिथे मावशींचा अंबाडा खरा काळा असेल. सहाव्या सेकंदाला तोच अंबाडा परेडमध्ये बघा. तीनही रंगांचे तळ वर आले असतील, संध्याकाळच्या उन्हात लाल बहुधा सर्वांत जास्त. म्हणून लाल, हिरवा, निळा वेगवेगळे खाली आणा, स्टिलच्या तळाशी जुळेपर्यंत.

घाटमाथा_९: सीपीएल लावला असता तर हा प्रश्नच आला नसता. माझ्या गाडीच्या काचेवरचं प्रतिबिंब त्याने साफ जातं. तसं एडिटमध्ये कसं घालवायचं तेही कुणी सांगेल का?

चौकट_सुधा: ते प्रतिबिंब काचेवरून येतं, हा प्रकाश लेन्सच्या आत उसळतो. पोलरायझरचा इथे उपयोग नाही, उलट पुढे आणखी एक काच वाढते. शूटच्या वेळी लेन्सवर हाताची सावली धरली तर फायदा होतो, तेही सूर्य चौकटीबाहेर असेपर्यंतच. तुमच्या काचेसाठी वेगळा धागा काढा.

कोळीवाडा_डायरी: सुधाताई, करून पाहिलं. सहाव्या सेकंदाला अंबाडा परत काळा झाला! पण शॉट चालवला की उजेड लुकलुकतो. मास्कच्या कडेने काळपट वलयही दिसतंय.

चौकट_सुधा: वलय म्हणजे मास्कची कड कमी पडतेय. सॉफ्टनेस इतका वाढवा की कड अर्ध्या चौकटीत विरून जाईल. पांढुरकेपणा सूर्याजवळ दाट असला तरी थोडा सगळीकडे असतो, म्हणून थोडी वजाबाकी मास्कशिवाय करा आणि उरलेली मास्कमध्ये. मास्क सूर्यावर ट्रॅक करू नका. सूर्य चौकटीबाहेर असतानाच पडदा सुरू होतो, तिथे ट्रॅकरला काही सापडणार नाही. हाताने कीफ्रेम द्या, मास्क चौकटीबाहेरून आत सरकू दे.

लुकलुकण्याबद्दल: सूर्यासमोरून होडीची डोलकाठी जाते का?

कोळीवाडा_डायरी: हो, दोन वेळा!

चौकट_सुधा: मग तेच. काठी आडवी आली की पडदा एका फ्रेममध्ये गळतो, तुमची वजाबाकी मात्र चालूच राहते. काठी येण्याच्या आदल्या फ्रेमला एक कीफ्रेम, आल्यावर लगेच दुसरी. दोन्ही वेळा, जाताना पण. मधे उतार नको.

हिरवा ठिपका सूर्याच्या समोरासमोर असतो. सूर्यापासून चौकटीच्या मध्यातून रेघ ओढा, ठिपका त्या रेघेवर पलीकडे सापडेल. सूर्य उजवीकडे सरकला की तो डावीकडे येतो, त्यामुळे त्याचाही मास्क हातानेच हलवा. तीही बेरीजच आहे, फक्त हिरवा वजा करा.

साताऱ्याचा_संकलक: गेनचं माझं चुकलं, पटलं. पण डायरी, सगळं ऊन पुसू नका. आम्ही एकदा पूर्ण काढलं तर मागे सूर्य असूनही माणूस खोलीत उभा असल्यासारखा दिसायला लागला. मी निम्मं ठेवलं असतं.

चौकट_सुधा: निम्मं फार होईल. मी पाव ठेवते.

कोळीवाडा_डायरी: काठीच्या कीफ्रेमनी लुकलुकणं थांबलं. पदरावरचा ठिपकाही गेला. दोन गोष्टी अडल्यात. अंबाड्यात आता नॉइज वळवळतोय, आणि फुकट आवृत्तीत नॉइज रिडक्शन नाही. शिवाय आठव्या सेकंदाला ठिपका मावशींच्या नथीवर येतो. तिथे मोती जळून सपाट पांढरा झालाय, वजा केलं की जांभळट डाग उरतो.

चौकट_सुधा: जळलेल्या मोत्यात परत आणण्यासारखं काही उरलेलं नाही. फ्यूजनमध्ये ठिपका येण्याआधीच्या फ्रेममधली नथ क्लोन करून बसवून बघा. पण मावशी मान वळवत असतील तर चमक जुळणार नाही. किती फ्रेम आहेत?

कोळीवाडा_डायरी: चौदा. आणि मान वळतेच आहे.