बँक सोडून शिक्षक होताना

"बँकेत क्लार्क आहे. नोकरी सांभाळून बी.एड. होईल का?"

नाही होणार. दूरस्थ बी.एड. सेवेतल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी असतं. नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तासांना ८० टक्के हजेरी लागते. शिवाय वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. मी राजीनामाच दिला. पाच वर्षं भरली होती, म्हणून ग्रॅच्युइटी मिळाली. घर त्यावर आणि बायकोच्या पगारावर चाललं. सोपं नव्हतं.

फोंड्याच्या शाळेत आठवीला चक्रवाढ व्याज शिकवलं. दहा हजारांवर दहा टक्क्यांनी दोन वर्षांत २,००० नव्हे, २,१०० का? बँकेत हे संगणक काढायचा. इथे वरचे शंभर कुठून आले ते फळ्यावर दाखवावं लागलं: पहिल्या वर्षीच्या हजार रुपये व्याजावरचं व्याज. शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मग कर्जालाही असंच वाढतं?" त्या दिवशी तास संपूनही कुणी उठलं नाही.