कल्हई उडालेले पातेले

"आजीच्या स्वयंपाकघराच्या जुन्या फोटोवरची माझी कविता वस्तूंची यादी वाटते. पुढे कसे जावे?"

चूल, फडताळ, नाशिकच्या तांबटांनी घडवलेली पितळी पातेली हे सारे आपल्या मसुद्यात आहे. मात्र आजी फोटो काढणाऱ्याकडे का पाहत नाही, हा प्रश्न तेथे नाही, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. आरंभी एकच वस्तू ठेवावी, समजा, कल्हई उडालेले पातेले. 'पातेले काळवंडले आहे' हे फोटोतच दिसते. 'कल्हईवाला येईपर्यंत तू ताक कशात ठेवलेस?' असे लिहिताच, पितळेत ताक कळकते हे जाणणारी आजी, तिची अडचण आणि फोटोत न मावलेले दिवस ओळीत येतात. येथे 'ती'ची 'तू' झाली, हेही पाहावे. केवळ फोटो पाहून परक्यालाही लिहिता येईल अशी ओळ शक्यतो खोडावी.